स्लाइसच्या पाकिटामागचं ३३९

प्रश्न: सासऱ्यांची किडनी निम्म्याहून कमी चालते. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, ‘फॉस्फेट घातलेले पदार्थ बंद, मीठ कमी.’ त्यांना पावाबरोबर चीज लागतं. घरात तीन प्रकार आहेत. पहिला, नातवासाठीचे स्लाइस. समोर मोठ्या अक्षरात ‘चेडर’, मागे ‘चीज, पाणी, मिल्क सॉलिड्स, इमल्सिफायर (३३१, ३३९), मीठ, ३३०, २००, १६०बी’ आणि १०० ग्रॅममध्ये सोडियम १३५० मिलिग्रॅम. दुसरा, किसलेलं मोझरेला. मागे ‘मोझरेला चीज (दूध, मीठ, कल्चर, मायक्रोबियल रेनेट, ३३०), अँटिकेकिंग एजंट ४६०’, सोडियम ४५०. तिसरा, दिरांनी दुबईहून आणलेला डबा. त्यावर ‘चेडर चीज, पाणी, बटर, ई ३३९, ई ४५२’ असं आहे. फॉस्फरस किती, हे एकाही वेष्टनावर नाही. यातलं खरं चीज कुठलं, आणि सासऱ्यांना काय देऊ? — एक सून, डिचोली

ताई, तुम्ही पाकिटं उलटी करून मागची यादी उतरवून पाठवलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. स्लाइस आणि डबा हे दोन्ही प्रोसेस्ड चीज आहेत, दोन्हींत फॉस्फेट घातलेलं आहे, आणि ती दोन्ही सासऱ्यांच्या ताटात नकोत. किसलेलं मोझरेला नैसर्गिक चीज आहे. पण नैसर्गिक म्हणजे किडनीच्या माणसाला मोकळं रान, असं मात्र नाही. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण चूक बहुतेक तिथेच होते.

आधी ओळखायचं कसं ते बघू. ‘चेडर’, ‘मोझरेला’, ‘क्रीमी’, ‘पिझ्झा’ हे समोरचे शब्द बाजूला ठेवा. चेडर हे जातीचं नाव आहे. चेडर वितळवून केलेल्या प्रोसेस्ड चीजवरही ते ठळक छापता येतं, आणि ‘प्रोसेस्ड’ हा शब्द खाली बारीक अक्षरांत जातो. मागची घटकांची यादी मात्र वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणून वाचायची ती तीच. यादीत पहिला शब्द कुठला आहे ते बघा. नैसर्गिक चीजची यादी दुधापासून सुरू होते: दूध, कल्चर म्हणजे विरजण, दूध घट्ट बसवणारं रेनेट, मीठ. दूध घट्ट बसवलं, पाणी काढलं, मीठ घातलं, काही दिवस किंवा महिने मुरवलं, की झालं. प्रोसेस्डमध्ये पहिला घटकच ‘चीज’ असतो. कारण तिथे आधी तयार झालेलं चीज किसून, पाणी आणि क्षार घालून, साधारण ८० अंशांच्या आसपास तापवून, घोटून, पुन्हा नव्याने साच्यात ओततात. ते दुसऱ्यांदा शिजवलेलं चीज आहे.

तुमच्या दुसऱ्या पाकिटावर पहिला शब्द ‘मोझरेला चीज’ आहे, म्हणजे या कसोटीवर ते नापास व्हायला हवं. पण पुढच्या कंसात दूध, मीठ, कल्चर आणि रेनेट उलगडून दिलंय, आणि कंसाबाहेर फक्त ४६० आहे. ४६० म्हणजे सेल्युलोज. किसलेले तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते पावडरीसारखं वर लावतात. किसलेल्या चीजची यादी अशीच येते, तेव्हा पहिल्या शब्दावर थांबू नका. पक्का निकाल देतात ते इमल्सिफाइंग सॉल्ट, म्हणजे चीज वितळवताना घालायचे ३३१, ३३९ सारखे क्षार. ते असले तर चीज प्रोसेस्ड, नसले तर तपास पुढे चालू ठेवायचा.

हे क्षार करतात काय, ते कळलं की आकडे पाठ करायची गरज उरत नाही. आपल्याकडे कालवणात नारळाचा घट्ट रस शेवटी घालतात आणि मग फार उकळू देत नाहीत, कारण उकळला की रस फाटतो आणि तेल वर येतं. जुनं, मुरलेलं चेडर तव्यावर टाकलं तर तसंच होतं: पिवळं तेल सुटतं, खाली चिवट गोळा राहतो. चीजमधल्या प्रथिनाला केसीन म्हणतात. त्याचे धागे एकमेकांना कॅल्शियमने बांधलेले असतात, आणि त्या जाळीत तुपाचे कण अडकलेले असतात. उष्णता लागली की जाळी आक्रसते, पाणी पिळून बाहेर पडतं, आणि तुपाचे कण एकत्र होऊन तेल बनून वाहतं. सोडियम सायट्रेट किंवा सोडियम फॉस्फेट घातलं की ते कॅल्शियम ओढून घेतं आणि प्रथिनाला त्याच्या जागी सोडियम मिळतं. गाठी सुटतात, केसीन पाण्यात मिसळायला लागतं, आणि मग तेच प्रत्येक तुपाच्या कणाभोवती कातडीसारखं बसतं. म्हणून स्लाइस कितीही तापवा, ती तेल न सोडता सायीसारखी वितळते.

म्हणजे तुपाला पाण्यात धरून ठेवण्याचं काम क्षार स्वतः करत नाही. तो केसीनला मोकळं करतो, आणि ते काम केसीन करतं. तुमच्या स्लाइसवर ‘इमल्सिफायर’ लिहिलंय, ‘इमल्सिफाइंग सॉल्ट’ नाही. उत्पादक दोन्ही शब्द वापरतात, त्यामुळे शब्द सोडा, आकडा बघा. ३२२ असेल तर ते लेसिथिन, ४७१ असेल तर फॅटपासून केलेला इमल्सिफायर. यांतला कुठलाही कॅल्शियम ओढून घेणारा क्षार नाही. ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट आणि ३३९ म्हणजे सोडियम फॉस्फेट. ४५०, ४५१ आणि ४५२ ही फॉस्फेटचीच लांब साखळी असलेली भावंडं. डब्यावरचं ‘ई’ पाहून गोंधळू नका. युरोपात आकड्यापुढे ई लावतात, आपल्याकडे आयएनएस, आणि मागचा आकडा तोच राहतो.

३३० आणि ३३१ या जोडीपाशी मात्र थांबून वाचा. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. पनीर करताना दूध फाडायला आपण लिंबू पिळतो. काही प्रकारच्या मोझरेलात दूध आंबट करायला ते थोडं घालतात. ते आलं म्हणून चीज प्रोसेस्ड ठरत नाही. एका आकड्याच्या फरकाने चीजची जात बदलते, आणि ही यादी बारीक अक्षरांत छापलेली असते, म्हणून फोन जवळ नेऊन फोटो मोठा करून वाचा. तसंच ५०९ दिसलं तर काळजी नको. ते कॅल्शियम क्लोराईड, दही घट्ट बसावं म्हणून दुधात घालतात. बघा, नैसर्गिक चीजमध्ये कॅल्शियम वाढवतात, प्रोसेस्डमध्ये काढून घेतात. एकाच्या यादीत ५०९ आणि दुसऱ्याच्या यादीत ३३९ का येतं ते यातून उलगडतं. १६०बी हा बिक्साच्या बियांचा रंग दोन्हीकडे चालतो. २०० हे सॉर्बिक आम्ल, बुरशी थांबवायला. रंग आणि बुरशी रोखणारं, या दोन्हींवरून निर्णय देऊ नका.

यादीत ‘खाद्य वनस्पती तेल’ किंवा ‘पाम तेल’ दिसलं, तर तो तिसराच प्रकार. दुधाच्या फॅटऐवजी स्वस्त तेल वापरलेला पदार्थ, चीजसारखा दिसणारा. तुमच्या तिन्हींत ते नाही.

आता सासऱ्यांचा प्रश्न. फॉस्फरस चीजमध्ये मुळातच असतो. नैसर्गिक चेडरच्या १०० ग्रॅममध्ये तो साधारण ४५० ते ५०० मिलिग्रॅम धरा, म्हणजे २० ग्रॅमच्या तुकड्यात नव्वद-शंभर. त्यातला बराचसा प्रथिनाशी आणि कॅल्शियमशी बांधलेला असतो, म्हणून तो सगळा अंगी लागत नाही. साधारण अर्धा जातो असं मानतात. ३३९ मधला फॉस्फरस मात्र मोकळा क्षार असतो. पोटात गेला की तो विरघळलेलाच असतो, आणि त्यातला बहुतांश रक्तात शिरतो. निरोगी किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. कमी चालणारी किडनी टाकू शकत नाही, मग तो रक्तात साचतो आणि हाडं व रक्तवाहिन्या या दोघांना त्रास देतो. तुमच्या आहारतज्ज्ञांनी ‘घातलेलं’ फॉस्फेट असा शब्द वापरला, तो याच कारणासाठी.

किती असेल, याचा अंदाज काढून बघू. उत्पादक प्रमाण सांगत नाहीत, पण प्रोसेस्ड चीजमध्ये हे क्षार एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के घालतात. अमेरिकेत तर ३ टक्क्यांची कायदेशीर मर्यादाच आहे. समजा तुमच्या स्लाइसमध्ये १०० ग्रॅममागे २ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट आहे. त्या क्षारात वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त फॉस्फरस असतो, म्हणजे ४०० मिलिग्रॅमहून थोडा वर. २० ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये ८० मिलिग्रॅमच्या वर घातलेला फॉस्फरस आला, आणि आतल्या चीजमधला पन्नास-सत्तर वेगळा. एकूण आकडा नैसर्गिक तुकड्याहून दीडपट होतो, पण रक्तात जाणारा फरक त्याहून मोठा. पोषण-तक्त्यात हे कधीच दिसणार नाही, कारण आपल्याकडे त्या तक्त्यात फॉस्फरस लिहायचं बंधन नाही. ३३९, ३४०, ४५०, ४५१, ४५२ असे फॉस्फेटचे आकडे एवढाच तुमच्यापाशी पुरावा असतो. अंदाजात मी २ ग्रॅम धरले, तरी तुमच्या यादीत ३३१ आधी आहे, त्यामुळे सायट्रेट जास्त आणि फॉस्फेट कमी असण्याची शक्यता आहे. डब्यात मात्र दोन्ही क्षार फॉस्फेटचेच आहेत, म्हणून तीनही वस्तूंत तो सर्वांत वाईट.

मिठाचं गणित तक्त्यातच आहे. १०० ग्रॅममध्ये १३५० मिलिग्रॅम, म्हणजे एका स्लाइसला २७० आणि दोन स्लाइसला ५४०. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि किडनीच्या माणसाला डॉक्टर आणखी कमीही सांगू शकतात. हे सोडियम मिठातून आलं असं वाटतं, पण मोठा हिस्सा क्षारांतून येतो. अडीच ग्रॅम सोडियम सायट्रेटमध्ये साधारण ५९० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे नैसर्गिक चेडरमध्ये मिठातून एकूण जेवढं येतं जवळजवळ तेवढंच. म्हणून ‘चव खारट नाही, म्हणजे मीठ कमी’ हा समज प्रोसेस्ड चीजवर लागू होत नाही. सायट्रेट जिभेला मिठासारखं खारट लागत नाही.

दुकानदार तुम्हाला ‘लो सोडियम’ स्लाइस सुचवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: त्यात कधी ३३२ किंवा ३४० असतं. ती सायट्रेट आणि फॉस्फेटची पोटॅशियमवाली रूपं. सासऱ्यांचं पोटॅशियम आटोक्यात नसेल, तर तो मार्ग जास्त वाईट. तसा पुडा घरी आणण्याआधी त्यांचा ताजा रक्ताचा अहवाल डॉक्टरांना दाखवा.

मग मोझरेला द्यावं का? १०० ग्रॅममध्ये ४५० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे २० ग्रॅमला ९०. स्लाइसच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. घातलेलं फॉस्फेट नाही. त्यामुळे तीनपैकी देण्याजोगं ते एकच आहे. पण फॉस्फरस आणि प्रथिन त्यातही आहेतच, तेव्हा किती आणि आठवड्यातून किती वेळा, हे आहारतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्याकडे जाताना यादीचा फोटो घेऊन जा. ‘चीज देऊ का’ असं न विचारता ‘हे पाकीट, २० ग्रॅम, आठवड्यातून दोनदा’ असं विचारा. आणि एकदा तरी घरच्या छोट्या वजनकाट्यावर २० ग्रॅम मोजून बघा. किसलेलं चीज हलकं आणि फुगीर असतं, हाताने घेतलं की अंदाज सहज चुकतो.

नातवाच्या स्लाइसबद्दल मला तुमची काळजी थोडी कमी करायची आहे. ‘हे प्लास्टिक असतं’ असं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. त्यात दूध आहे, त्यातलंच केसीन आहे, आणि घातलेले क्षार नियमांत बसणारे आहेत. निरोगी मुलाला एखादी स्लाइस पावात घातली तर किडनीच्या दृष्टीने भीती नाही. मी मुलांना रोज दोन देणार नाही, तेही फक्त सोडियमसाठी. स्लाइसच्या यादीत दुसरा शब्द पाणी आहे, हेही लक्षात ठेवा. आपल्या नियमांत प्रोसेस्ड चीजमध्ये ४७ टक्क्यांपर्यंत आणि स्प्रेडमध्ये ६० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. मऊपणा मिळतो तो यातून.

दिरांच्या डब्याबद्दल दोन शब्द, कारण गोव्यात आखातातून आलेला चीजचा डबा घरोघरी पाहिलेला आहे आणि तो फेकवत नाही. प्रोसेस्ड चीजचा जन्मच अशा डब्यासाठी झाला. स्वित्झर्लंडमधल्या थूनला वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेट्लर यांनी १९११ मध्ये एमेंटल चीज सोडियम सायट्रेट घालून वितळवलं. उष्ण देशांत पाठवलेलं चीज टिकत नव्हतं, त्यावर ते उपाय शोधत होते. तापवल्याने विरजणाचे जंतू आणि रेनेटचं काम दोन्ही थांबतात, म्हणून चीज मुरत नाही आणि चव बदलत नाही. बंद डबा फ्रीजबाहेर राहतो तो याच कारणाने. उघडल्यावर मात्र ते साधं ओलं अन्न आहे. झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात घरातल्या निरोगी माणसांनी संपवा.

एक अडचण राहते. म्हापशाच्या बाजारात किंवा गावातल्या दुकानात मोठ्या विटेतून कापून साध्या प्लास्टिकमध्ये बांधलेलं चीज मिळतं. त्यावर यादीच नसते. दुकानदाराला मूळ खोका दाखवायला सांगा. दाखवला नाही, तर सासऱ्यांसाठी ते घेऊ नका. घरी तव्यावर करायची परीक्षा आहे, पण तिची मर्यादा सांगतो. चमचाभर कीस कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवा. तेल वेगळं निघून गोळा चिवट झाला, तर ते बहुधा नैसर्गिक आणि मुरलेलं. काही न सुटता गुळगुळीत पसरलं, तर प्रोसेस्ड असण्याची शक्यता मोठी. मात्र कोवळं, कमी मुरलेलं चीजही फार तेल सोडत नाही, आणि मोझरेला नैसर्गिक असूनही छान ताणतं. शिवाय फॉस्फेट आहे की सायट्रेट, हे तवा सांगू शकत नाही. आणि सासऱ्यांच्या बाबतीत तेवढंच तर जाणून घ्यायचं आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा: स्लाइस आणि डब्यावर ‘आजोबांना नको’ अशी चिकटपट्टी लावा, म्हणजे घरात कोणी चुकून वाढणार नाही. मोझरेलाच्या यादीचा फोटो आहारतज्ज्ञांना पाठवा, आणि सासऱ्यांच्या पुढच्या रक्ततपासणीत फॉस्फरसचा आकडा काय आला ते लिहून ठेवा. स्लाइस बंद केल्याचा फरक पडला की नाही, ते त्यावरून बघता येईल.